लग्नाच्या दोन दिवस आधी केलेले अपडेट: एका कॅमेऱ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या तरुणाचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्याचे नाव, गाव आणि कॅमेऱ्याची कंपनी यांचा उल्लेख मी केलेला नाही. त्याच्या गावापासून अठरा किलोमीटरवर, तालुक्याच्या ठिकाणी, माझे मोबाईल आणि कॅमेरा दुरुस्तीचे दुकान आहे, आणि या प्रकरणात मी फोनवरून आणि नंतर प्रत्यक्ष सहभागी होतो.

त्याच्याकडे दोन वर्षे वापरलेला एक मिररलेस कॅमेरा होता. लग्नसराईतले जवळजवळ सगळे काम त्याच एका बॉडीवर चाले. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने नागपुरातून एक वापरलेली पण नव्या पिढीची लेन्स घेतली. मंडपातल्या मंद उजेडात ती लेन्स फोकस शोधत पुढेमागे होत राहायची आणि त्या वेळात हाराचा क्षण निघून जायचा. कंपनीच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिले होते की या लेन्सचा ऑटोफोकस पूर्ण चालण्यासाठी बॉडीचे फर्मवेअर, म्हणजे तिला आतून चालवणारी प्रणाली, 1.40 किंवा त्यापुढचे असावे. त्याच्या बॉडीत 1.10 होते. म्हणजे अपडेट करण्यामागे नुसती हौस नव्हती, खरे कारण होते, आणि ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो. कारण पुढे जे बिघडले त्याचा दोष अपडेट करण्याच्या निर्णयाकडे जात नाही. तो वेळेकडे आणि पद्धतीकडे जातो.

अपडेट कंपनीच्या मोबाईल ॲपमधून करता येत होते. लग्न शनिवारी होते आणि त्याने काम सुरू केले गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास.

अडचण कशी उभी राहिली

ॲपमधून होणारे अपडेट पडद्यावर एकच पट्टी म्हणून दिसते, पण प्रत्यक्षात तो तीन टप्प्यांचा प्रवास असतो. पहिल्या टप्प्यात फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून मोबाईलमध्ये उतरते. दुसऱ्यात ती मोबाईलमधून उपकरणात जाते, कॅमेऱ्यात बहुधा वाय-फायने आणि इअरबड्स व घड्याळात ब्लूटूथने. तिसऱ्या टप्प्यात उपकरण स्वतःची जुनी प्रणाली पुसून नवी लिहून घेते. पहिले दोन टप्पे मध्येच तुटले तर सहसा काहीही बिघडत नाही, कारण जुनी प्रणाली जागच्या जागी असते. धोका असतो तो तिसऱ्या टप्प्यात. आपण नेमके कोणत्या टप्प्यावर आहोत हे वापरणाऱ्याला कळले नाही, की तो चुकीच्या ठिकाणी घाबरतो आणि चुकीच्या ठिकाणी निर्धास्त राहतो. या प्रकरणात नेमके तेच झाले.

पहिला टप्पा गावातल्या नेटमुळे रखडला. मोबाईलचा पडदा बंद झाला की ॲपचे डाउनलोड थांबायचे, कारण फोनमधील बॅटरी वाचवण्याची व्यवस्था मागे चालणाऱ्या ॲपला झोपवत होती. दोनदा नव्याने सुरुवात करावी लागली. कंटाळून त्याने तीच फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून ब्राउझरमधूनही उतरवून ठेवली, तीसुद्धा दोनदा. ही बारीकशी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

दुसऱ्या टप्प्यात मोबाईलला कॅमेऱ्याने स्वतः उभारलेल्या वाय-फायशी जोडावे लागते. त्या वाय-फायवर इंटरनेट नसतेच, तो फक्त कॅमेरा आणि मोबाईल यांच्यातला दुवा असतो. फोनला मात्र हे कळत नाही. या वाय-फायला इंटरनेट नाही, अशी सूचना येते आणि अनेक फोन आपोआप मोबाईल डेटाकडे वळतात. त्याचा फोनही वळला आणि पट्टी 38 टक्क्यांवर अडकली. त्याने ॲप बंद केले, कॅमेऱ्याने फाइल न मिळाल्याचे सांगितले आणि सगळे पूर्ववत चालू राहिले. दुसऱ्या खेपेलाही असेच झाले. तिसऱ्या खेपेला त्याने मोबाईल डेटा बंद केला आणि फाइल पूर्ण गेली.

इथवर चार वेळा प्रक्रिया मोडली होती आणि चारही वेळा कॅमेरा सुखरूप राहिला होता. या अनुभवाने त्याची अशी समजूत झाली की अडले तर बंद करून पुन्हा सुरू करायचे, एवढेच. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातले सर्वांत घातक वळण हेच होते, कारण पहिल्या दोन टप्प्यांत जे शहाणपण उपयोगी पडले तेच तिसऱ्यात नुकसान करणारे होते.

कॅमेऱ्याने आलेली फाइल तपासली, बंद करू नका आणि बॅटरी काढू नका असा इशारा दाखवला आणि स्वतःच्या पडद्यावर वेगळी पट्टी सुरू केली. आता मोबाईलचे काम संपले होते. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली आणि पडदा एकदम काळा झाला. त्याने वाट पाहिली, पण त्याच्याच सांगण्यानुसार एका मिनिटाहून कमी. मग स्विच बंद केला, तरी काही घडेना, म्हणून बॅटरी काढली आणि पुन्हा घातली. त्यानंतर कॅमेरा उघडलाच नाही. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, "भाऊ, कॅमेरा चालूच नाही होऊन राहिला. काहीच येऊन नाही राहिलं पडद्यावर."

समोर असलेले पर्याय

त्या रात्री फोनवर मी त्याला एकच गोष्ट निक्षून सांगितली: आता कॅमेऱ्याला हात लावू नका, बॅटरी बाहेर ठेवा आणि सकाळी दुकानात या. निर्णय सकाळी समोरासमोर बसून घेतले. शुक्रवारी सात वाजता तो दुपट्ट्यात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आला तेव्हा आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, नागपूरच्या अधिकृत सेवाकेंद्रात नेणे. तिथे हे काम नक्की झाले असते, पण प्रवासातच अर्धा दिवस गेला असता आणि कॅमेरा त्याच दिवशी हातात मिळेल याची खात्री कोणीच देत नव्हते. दुसरी, ॲपमधूनच पुन्हा प्रयत्न करणे. ही वाट मुळात बंद होती, कारण ॲपला उपकरणाचे वाय-फाय चालू लागते आणि ते चालू करणारी प्रणालीच अर्धवट पुसली गेली होती. तिसरी, फाइल मेमरी कार्डावर टाकून कॅमेऱ्याला थेट कार्डावरून वाचायला लावणे. चौथी वाट त्याला रात्रीच कोणीतरी सुचवली होती. एक ओळखीचा माणूस इंटरनेटवरून मिळवलेल्या फाइलने कॅमेऱ्यात नवी प्रणाली भरून देतो, असे त्याला सांगण्यात आले होते. ती मी तिथल्या तिथे नाकारली. दुसऱ्या मॉडेलची किंवा फेरफार केलेली फाइल अशा अर्धमेल्या उपकरणात गेली, तर सेवाकेंद्रालाही मुख्य सर्किट बोर्ड बदलण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

कार्डाच्या वाटेत काही अर्थ आहे का, हे ठरवण्यासाठी मी एक साधी खूण पाहिली. मूळ बॅटरी घालून स्विच चालू केला, तेव्हा पडदा काळाच राहिला, पण कार्डाजवळचा छोटा लाल दिवा एकदा लागला आणि विझला. पुन्हा केले, पुन्हा तसेच. बहुतेक उपकरणांत मुख्य प्रणालीच्या आधी चालणारा एक लहानसा प्रोग्राम असतो, त्याला बूटलोडर म्हणतात, आणि अपडेटमध्ये त्याला सहसा हात लावला जात नाही. दिवा लागत होता, याचा अर्थ तो प्रोग्राम जिवंत होता आणि कार्ड आहे की नाही हे तपासत होता. दिवाच लागला नसता, तर मी पुढे काहीही न करता त्याला नागपूरची गाडी पकडायला सांगितले असते.

केलेली कारवाई

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी आम्ही दुसऱ्या बॉडीची सोय केली. शेजारच्या तालुक्यातील एका छायाचित्रकाराकडे त्याच कंपनीची, तीच बॅटरी चालणारी बॉडी होती. ती दोन दिवसांसाठी भाड्याने ठरवली आणि सहायकाला मोटारसायकलवर आणायला पाठवले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शनिवारच्या लग्नाची चिंता डोक्यावर असताना केलेली दुरुस्ती घाईची होते, आणि घाईनेच गुरुवारी रात्री बॅटरी काढली होती. दुपारी बारापर्यंत कार्डाने साधले तर साधले, नाही तर कॅमेरा सोमवारी नागपूरला पाठवायचा, अशी मुदतही आम्ही आधीच ठरवून घेतली.

त्याच्याकडचे कार्ड 128 जीबीचे होते. एवढी कार्डे exFAT पद्धतीने फॉरमॅट झालेली असतात, आणि बूटलोडरसारख्या छोट्या प्रोग्रामला ती पद्धत वाचता येईलच असे नाही. म्हणून मी दुकानातले 16 जीबीचे कार्ड घेतले आणि संगणकावर FAT32 मध्ये फॉरमॅट केले. फाइल मात्र वेळ वाचवण्यासाठी त्याच्या मोबाईलमधली, आदल्या रात्री ब्राउझरने उतरवलेली घेतली. ती कार्डावर कोणत्याही फोल्डरमध्ये न घालता अगदी वरच्या पातळीवर ठेवली. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले बटण दाबून धरत कॅमेरा चालू केला. लाल दिवा लागला, थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. पडदा काळाच.

त्याचा चेहरा उतरला. मला मात्र दिवा लुकलुकण्यात अर्थ दिसला, कारण कार्ड नसताना तो एकदाच लागत होता. म्हणजे कार्ड वाचले जात होते, पण हवी ती फाइल सापडत नव्हती. कार्ड परत संगणकात घातले आणि फाइलचे नाव अक्षर न् अक्षर वाचले. ते असे होते:

```
FWUPDATE (1).BIN
```

तीच फाइल दोनदा उतरवल्यामुळे ब्राउझरने दुसऱ्या प्रतीच्या नावात कंसातला एक जोडला होता. माणसाच्या दृष्टीने ती तीच फाइल होती. ठरावीक नाव शोधणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने कार्डावर फाइल नव्हतीच. फोनच्या पडद्यावर नावाचा शेवट कापलेला दिसत असल्याने हे आदल्या रात्री कोणाच्या लक्षात येण्यासारखेही नव्हते.

नुसते नाव बदलून चालले असते, पण रखडत उतरलेल्या फाइलवर माझा भरवसा राहिला नव्हता. दुकानातल्या संगणकावर ती नव्याने उतरवली आणि कंपनीच्या पानावर छापलेला आकार आपल्या फाइलच्या आकाराशी शेवटच्या अंकापर्यंत जुळवून पाहिला. आकार जुळला म्हणजे फाइल शंभर टक्के शुद्ध आहे असे सिद्ध होत नाही, परंतु अर्धवट उतरलेली फाइल यात हमखास पकडली जाते. मग कार्ड कॅमेऱ्यात घातले, मूळ बॅटरी पूर्ण चार्ज करून बसवली आणि बटण धरून चालू केले.

या वेळी दिवा लुकलुकत राहिला. पडदा काळा होता. मी दुकानातल्या घड्याळाकडे पाहून वेळ कागदावर लिहिली आणि पंधरा मिनिटे कोणीही कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असे ठरवले. पाचव्या मिनिटाला दिवा थांबला. सहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "भाऊ, पुन्हा तसंच होऊन राहिलं वाटते." आम्ही थांबलो. साधारण आठव्या मिनिटाला पडदा उजळला आणि भाषा निवडण्याचे पान दिसले. मेनूत पाहिले तर आवृत्ती 1.40 होती.

बॅटरी संपली होती की काढली गेली

एक प्रश्न राहिला होता. गुरुवारी पडदा काळा झाला तो बॅटरी दगावल्यामुळे, की अपडेटच्या ओघात? त्या रात्री कॅमेऱ्यात मूळ बॅटरी नव्हती, बाजारातली स्वस्त बॅटरी होती. अशा बॅटऱ्यांची पातळी कॅमेऱ्याला नीट कळत नाही, भरलेली दिसता दिसता त्या एकदम बसतात. त्यामुळे माझा पहिला संशय बॅटरीवरच होता.

दुपारी भाड्याची बॉडी आल्यावर तीच बॅटरी, चार्ज न करता, तिच्यात घालून पाहिली. पातळीच्या चित्रावर विश्वास न ठेवता आम्ही प्रत्यक्ष फोटो काढत गेलो. दीडशेहून अधिक फोटो निघाले आणि ती चालूच होती. म्हणजे त्या रात्री बॅटरी दगावलेली नव्हती. पडदा काळा झाला तो कॅमेरा अपडेटच्या मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होत असल्यामुळे, आणि शुक्रवारी आमच्या डोळ्यांसमोर काही मिनिटे राहिलेला अंधार हाच होता. पडद्यावर चित्र दाखवणारा भागही त्याच वेळी नव्याने लिहिला जात असल्याने त्या काळात दाखवायला काही नसते. अपडेट व्यवस्थित चालले होते. बॅटरी काढल्यानेच ते मोडले.

निष्पत्ती

कॅमेरा वाचला, पण शनिवारी तो मुख्य कॅमेरा म्हणून वापरायचा नाही असे आम्ही ठरवले. मुहूर्ताचे फोटो भाड्याच्या बॉडीवर आणि मंडपातील इतर फोटो याच्यावर, अशी वाटणी केली. शुक्रवारी संध्याकाळी दोनशेहून अधिक फोटो आणि काही मिनिटांचे चित्रीकरण करून पाहिले होते. नव्या लेन्सचा फोकस आता मंद उजेडातही पटकन बसत होता.

तरीही दोन गोष्टी सुटल्या. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्यासारख्या झाल्या होत्या. त्यामुळे हळदीचे पहिले चाळीसेक फोटो रॉ ऐवजी फक्त जेपेगमध्ये निघाले, आणि पिवळ्या उजेडातले ते रंग नंतर हवे तसे सुधारता आले नाहीत. शिवाय कॅमेऱ्याचे घड्याळही मूळ तारखेवर गेले होते. दोन बॉडींचे फोटो वेळेनुसार लावताना लग्नाचे फोटो हळदीच्या आधी येऊ लागले आणि ते हाताने वेगळे करण्यात त्याचा एक पूर्ण दिवस गेला. या दोन्ही चुका शुक्रवारी माझ्या तपासणीत सापडायला हव्या होत्या. मी फोकस तपासला, मेनू तपासला नाही.

वेगळे काय करता आले असते

वेळेचा निर्णय सर्वांत आधी येतो. लेन्स एप्रिलच्या सुरुवातीला आली होती आणि त्यानंतर कामाशिवायचे किमान आठ दिवस मोकळे गेले होते. अपडेटनंतर बिघाड झाला तर नागपूरला जाऊन येण्याइतके दिवस हाताशी असतील तेव्हाच ते करावे, असे मी आता प्रत्येक ग्राहकाला सांगतो. 1.40 लगेच मिळाले नसते, तर शनिवारी जुन्या लेन्सवर काम भागले असते.

दुसरा निर्णय ॲप की कार्ड, हा. ज्या कॅमेऱ्यात कार्डाने अपडेट करता येते त्यात गावाकडे मी कार्डच निवडेन. त्यात मोबाईलचे नेट, फोनने वाय-फाय सोडणे, ॲपने झोपी जाणे हे सगळे बाजूला राहते आणि पहिले दोन टप्पे आपण संगणकावर शांतपणे, फाइलचा आकार तपासून पार करतो. ॲपच वापरायचे असेल तर मोबाईल डेटा बंद करावा, त्या ॲपसाठी बॅटरी बचत बंद करावी आणि फोनचा पडदा चालू ठेवावा. कॅमेऱ्यात मूळ बॅटरीच असावी आणि ती पूर्ण भरलेली असावी. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसल्याने अडॅप्टरवर चालवण्यापेक्षा भरलेली बॅटरी मला जास्त भरवशाची वाटते.

इअरबड्स आणि घड्याळे यांना ही कार्डाची पळवाट नसते, तिथे बहुधा ॲप हाच एक मार्ग. याच तरुणाच्या सहायकाच्या इअरबड्सचे पुढच्याच महिन्यात झाले ते असे. अपडेट ऐंशी टक्क्यांवर असताना फोन आला म्हणून त्याने डबीचे झाकण लावले. डावा बड नव्या आवृत्तीवर गेला, उजवा जुन्यावरच राहिला, आणि दोघे एकमेकांना ओळखेनात. ब्लूटूथच्या यादीत ते दोन वेगळी उपकरणे म्हणून दिसू लागले. अनेक इअरबड्समध्ये नवी प्रणाली जुनीच्या शेजारी वेगळ्या जागेत लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिच्याकडे ताबा जातो, म्हणून उजवा बड मेला नव्हता. फोनमधून दोन्ही नावे काढली, दोन्ही बड डबीत ठेवून पुस्तिकेप्रमाणे रीसेट केले, फोनवर कॉल येऊ नयेत म्हणून फ्लाइट मोड लावून ब्लूटूथ आणि इंटरनेटसाठी दुकानातले वाय-फाय तेवढे चालू केले, आणि झाकण उघडे ठेवून अपडेट पुन्हा चालवले. वीस मिनिटांत दोघांची आवृत्ती एक झाली.

कॅमेऱ्याच्या बाबतीत माझ्या कामात झालेला बदल एवढाच: अपडेटसाठी कोणी कॅमेरा आणला, तर आधी त्याच्या मेनूतील प्रत्येक पानाचा फोटो मी मोबाईलवर काढून ठेवतो, आणि अपडेटनंतर ती पाने समोर ठेवून सेटिंग आणि घड्याळ परत लावूनच कॅमेरा ग्राहकाच्या हाती देतो.